बरेच दिवस न आलेल्या ग्राहकाला पार्लरमधून काय लिहावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग या भागांत मराठी बायकांनी चालवलेली बरीच लहान पार्लर्स आहेत. खुर्च्या दोन-तीन, मदतीला एक-दोन मुली आणि ग्राहकांची एक वही. त्या वहीत अशी काही नावं असतातच, जी वर्षानुवर्षं नेमाने येत होती आणि मग यायची थांबली. त्यांना मेसेज पाठवावा का, पाठवला तर त्यात काय असावं, हे प्रश्न मला सतत विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरण मुख्यतः केसांच्या कलरचं घेतलं आहे, कारण नेमाने येणारी आणि नेमकी तुटणारी ग्राहक तिथेच सगळ्यांत जास्त दिसते.

ग्राहक "तुटली" असं कधी म्हणायचं?

सगळ्यांना एकच मुदत लावू नका. थ्रेडिंगला येणारी बाई दोन-तीन आठवड्यांनी येते, रूट टचअपवाली चार ते सहा आठवड्यांनी, केरॅटिन केलेली चार-सहा महिने फिरकत नाही आणि त्यात काही वावगं नसतं. "तीन महिने झाले की मेसेज" असा नियम केला, तर थ्रेडिंगवालीला फार उशिरा लिहाल आणि केरॅटिनवालीला विनाकारण.

वहीत तिच्या शेवटच्या तीन-चार तारखा बघा. दोन भेटींमध्ये साधारण किती दिवस जातात ते काढा आणि त्याच्या दुप्पट दिवस उलटले की तिचं नाव वेगळ्या पानावर घ्या. समजा एक ताई कलरला 6 जानेवारी, 10 फेब्रुवारी आणि 17 मार्चला आल्या. म्हणजे दर पाच आठवड्यांनी. त्या हिशेबाने पुढची भेट 21 एप्रिलच्या आसपास व्हायला हवी होती. एप्रिल गेला, मेही सरत आला. 26 मेला दहा आठवडे पूर्ण होतात, तेव्हा त्यांचं नाव यादीत आलं. पण लगेच लिहायची घाई नको. मे महिन्यात आपल्याकडची निम्मी मराठी घरं सुट्टीसाठी पुण्या-मुंबईला किंवा माहेरी गेलेली असतात. जूनमध्ये शाळा उघडून घडी बसू द्या, मग लिहा.

श्रावणाचाही असाच विचार करा. महिनाभर केस न कापणारे कितीतरी लोक आहेत. पितृपक्षातही बऱ्याच घरांत केस कापत नाहीत. तो खंड वहीतल्या हिशेबात धरूच नका.

मेसेजमध्ये "तुमची आठवण येते" असं लिहिलं तर काय बिघडतं?

बिघडतं ते असं, की वाचणारीला आपण काही चुकलो असं वाटतं. "बरेच दिवस दिसला नाहीत", "आम्हाला विसरलात का", "रागावलात का" ही सगळी वाक्यं प्रेमाने लिहिलेली असली, तरी ती तिच्याकडून खुलासा मागतात. मग ती विचार करते की आता गेले तर काय सांगू, मध्ये दुसरीकडे केस कापले ते कसं सांगू. संकोच वाढतो आणि येणं आणखी लांबतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. ती का आली नाही, ते तुम्हाला माहीत नाही. घरात कुणी गेलं असेल, सासऱ्यांचं ऑपरेशन झालं असेल, तिला दिवस गेले असतील, नोकरी सुटली असेल, केमोथेरपीने तिचे केस गेले असतील. तुम्ही लिहिलेला मेसेज यांपैकी कुठल्याही घरी वाचला गेला, तरी तो बोचता कामा नये. पाठवण्याआधी ही एक कसोटी लावाच: सुतकातल्या घरी हा वाचला तर कसा वाटेल? "पांढरे केस लपवायची वेळ झाली!" हे वाक्य त्या कसोटीत एका क्षणात नापास होतं.

मग परत यायचं कारण द्यायचं तरी कुठलं?

कारण तुमच्याकडे काय बदललं यातून काढा. तिने काय केलं नाही, याच्याशी त्याचा संबंध नको. बातमी खरी असावी, लहान असली तरी चालेल आणि तिच्या उपयोगाची असावी.

वरच्याच ताईंचं उदाहरण पुढे नेऊ. वही जरा नीट वाचली की तीन गोष्टी दिसतात. त्या दर वेळी शनिवारीच आल्या. शेवटच्या दोन भेटींच्या नोंदीत "वाट पाहावी लागली" असं लिहिलं आहे. आणि त्यांचा कलर नेहमी करणारी मुलगी मार्चअखेर लग्न होऊन सुरतला गेली. आता यातलं नेमकं कुठलं कारण होतं ते आपण सांगू शकत नाही, सांगायची गरजही नाही. पण मेसेजमध्ये द्यायची बातमी कुठे शोधायची ते कळलं. नोकरदार बाई, शनिवारची गर्दी आणि ओळखीचा हात गेला.

समजा पार्लरने जूनपासून मंगळवार ते शुक्रवार सकाळी आठला कलरची वेळ द्यायला सुरुवात केली. मुळांना कलर लावायला वीस-पंचवीस मिनिटं, मग साधारण पस्तीस मिनिटं थांबायचं, धुणं आणि थोडं वाळवणं. साडेनऊला बाई ऑफिसला निघू शकते. ही झाली बातमी. आणि मुलगी गेली तरी तिची शेड कुठली, डेव्हलपर किती, किती वेळ ठेवला, हे वहीत आहे. "4 नंबर, 20 व्हॉल्यूम, 35 मिनिटं, कपाळाजवळ आधी क्रीम" अशी नोंद असेल, तर नवी मुलगीही तोच रंग काढू शकते. ही दुसरी बातमी. नव्या हातांत डोकं द्यायची जी धास्ती असते, ती या नोंदीने बरीच कमी होते.

मेसेज प्रत्यक्ष कसा लिहायचा?

पहिला मसुदा बहुतेक वेळा असा येतो:

"नमस्कार मॅडम! खूप दिवस झाले, तुम्ही आलाच नाहीत! आम्ही तुमची वाट पाहतोय. फक्त तुमच्यासाठी 20 टक्के सूट, फक्त या आठवड्यापुरती! लवकर या, संधी सोडू नका!"

यातली पहिली दोन वाक्यं जाब विचारतात. "फक्त तुमच्यासाठी" खरं नाही, कारण तोच मेसेज यादीतल्या सगळ्यांना जातोय. आठवड्याची मुदत कुठून आली, ते पाठवणारीलाही सांगता येत नाही. आणि शनिवारी तासभर बसावं लागलेल्या बाईला 20 टक्के कमी घेऊन पुन्हा तासभर बसवायचं असेल, तर तिचा प्रश्न सुटलेला नाही.

मी असा लिहीन:

"नमस्कार ताई, दांडिया बाजारच्या पार्लरमधून बोलतेय. जूनपासून मंगळवार ते शुक्रवार सकाळी 8 ची कलरची वेळ सुरू केली आहे. साडेनऊपर्यंत मोकळं होता येतं, थांबावं लागत नाही. तुमची शेड आणि वेळ वहीत लिहिलेली आहे, तशीच करून देऊ. सोयीचं वाटलं तर वार कळवा, मी जागा ठेवते. आत्ता गरज नसेल तर उत्तर नाही दिलंत तरी चालेल. असे मेसेज नको असतील तर फक्त 'नको' लिहा."

"ताई"च्या आधी तिचं नाव आणि "पार्लरमधून"च्या पुढे तुमचं नाव जरूर घाला. एरवी जशी हाक मारता तशीच मारा. जिला तोंडावर "काकू" म्हणता, तिला मेसेजमध्ये "मॅडम" केलंत की हा छापील मेसेज आहे हे तिच्या लगेच लक्षात येतं. "उत्तर नाही दिलंत तरी चालेल" हे वाक्य बऱ्याच जणी घाबरून गाळतात, त्याने गिऱ्हाईक जाईल असं त्यांना वाटतं. मी ते ठेवायचा आग्रह धरते. जिला यायचं आहे ती त्या वाक्यामुळे थांबत नाही, आणि जिला आत्ता जमत नाही तिला तुमचं नाव बघून पुढच्या वेळी तोंड लपवावंसं वाटत नाही.

सूट अजिबात द्यायची नाही का?

द्यायचीच असेल तर आधी हा हिशेब करा. 900 रुपयांच्या टचअपवर 20 टक्के म्हणजे 180 रुपये. ते तुम्ही सोसालही. पण शेजारच्या खुर्चीवर दर पाच आठवड्यांनी न चुकता येणाऱ्या काकू बसलेल्या असतात, त्या पूर्ण 900 देतात. बिलाच्या वेळी हे त्यांच्या कानावर गेलं, की न येणाऱ्याला कमी आणि येणाऱ्याला जास्त असा त्याचा अर्थ होतो. दांडिया बाजारात दोन गल्ल्या ओलांडल्या की सगळे सगळ्यांना ओळखतात, तेव्हा ते कानावर जाणारच.

शिवाय सवलतीवर आलेली ग्राहक पुढच्या वेळी सवलतीचीच वाट बघते. काही द्यावंसं वाटलंच तर ते सगळ्यांना मिळणारं असू द्या. उदाहरणार्थ, सकाळच्या वेळेला येणाऱ्या कुणालाही धुतल्यावर दहा मिनिटं तेलमालीश. त्यात जुनी-नवी असा भेद राहत नाही.

कलरमुळे खाज सुटली म्हणून एखादी थांबली असेल तर?

या प्रश्नाला जरा जास्त जागा देते, कारण इथे चुकीच्या मेसेजने इजा होऊ शकते.

केसांच्या कायम टिकणाऱ्या बहुतेक गडद कलरमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं आणि ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याची. कपाळाच्या कडेला, कानामागे, मानेवर खाज, लाली, कधी डोळ्यांभोवती सूज येते. पुष्कळदा हे त्याच दिवशी न दिसता एक-दोन दिवसांनी दिसतं, त्यामुळे बाई तुम्हाला सांगतच नाही, नुसती यायची थांबते. अशा बाईला "आता आमच्याकडे अमोनिया-फ्री कलर आला आहे, बिनधास्त या" असा मेसेज जातो. अमोनिया नसला तरी पीपीडी असू शकतं, आणि बहुतेक वेळा असतंच. एकदा ॲलर्जी झालेल्या माणसाला पुढच्या वेळी ती जास्त जोरात होऊ शकते. "हर्बल काळी मेंदी" म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही पुष्कळदा पीपीडी मिसळलेलं असतं. पाकिटावर बारीक अक्षरात p-Phenylenediamine लिहिलेलं आहे का, ते वाचा.

वहीत खाज-लालीची नोंद असेल, तर तिला कलरचं आमंत्रण देऊच नका. फोन करून तब्येत विचारा, कलरचा विषय काढू नका. तिने स्वतः काढला, तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा. ज्यांच्या वहीत अशी काही नोंद नाही, त्यांच्यासाठी मेसेजमध्ये एक ओळ घालता येते: "कलरच्या दोन दिवस आधी कानामागे थोडा लावून बघतो, त्याचे पैसे नाहीत." ही पॅच टेस्ट 48 तास आधी करायची असते. हे तुम्ही खरोखर करत असाल, तरच लिहा.

काम बिघडल्यामुळे गेलेली ग्राहक असेल तर?

वॅक्स गरम होता, केस वाकडे कापले गेले, मुलगी उलट बोलली, असं काही तुम्हाला माहीत असेल तर हा मेसेज तिच्यासाठी नाही. तिला मालकिणीने स्वतः फोन करावा, झालं त्याबद्दल माफी मागावी आणि फोन ठेवावा. त्याच फोनमध्ये "या आता एकदा" असं म्हटलं की माफीचा सौदा होतो.

नवरात्रीचं निमित्त धरावं का?

बडोद्यात तरी जरूर धरावं, कारण इथे ते खरं निमित्त आहे. नऊ रात्री गरबा, पाठ उघडी असलेली चोळी आणि त्यासाठी पाठीचं वॅक्स, डीटॅन, पॉलिश. वर्षभर न येणाऱ्या मुलीही त्या आठवड्यात पार्लर शोधतात. मात्र इथे वेळेचं गणित पक्कं लागतं. नवरात्रीच्या आधीचा पंधरवडा पितृपक्षाचा, त्यात काही घरी केस कापणं सोडाच, फेशियलही करत नाहीत. म्हणून मेसेज गणपती उठल्यावर लगेच पाठवून "या" म्हणू नका. पाठवा तेव्हाच, पण तारीख घटस्थापनेच्या आसपासची द्या.

त्यात कामाची माहिती द्या. वॅक्स आणि ब्लीच गरब्याच्या निदान दोन दिवस आधी उरकलेलं बरं, कारण त्याच रात्री घाम आला की ताज्या वॅक्सवर पुरळ उठतं. असं लिहिलंत की मेसेज वाचणारीच्या उपयोगाला येतो, मग ती तुमच्याकडे येवो किंवा घराजवळ कुठे जावो. या मेसेजला शेवटची तारीख घालायला हरकत नाही, कारण ती सणाने ठरवलेली आहे, तुम्ही बनवलेली नाही.

मराठीत लिहायचं की गुजरातीत?

खुर्चीत बसल्यावर ती तुमच्याशी ज्या भाषेत बोलते, त्या भाषेत. बडोद्यात जन्मलेल्या कितीतरी मराठी मुली घरी मराठी बोलतात, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी शिकल्या आहेत आणि देवनागरी मराठी सावकाश वाचतात. त्यांच्याशी एरवी व्हॉट्सॲपवर ज्या लिपीत बोलणं होतं तीच लिपी ठेवा. गुजराती बेनना मराठी मेसेजचं शब्दशः गुजराती करून पाठवू नका. शेजारच्या कुणाकडून तरी पुन्हा लिहून घ्या.

सगळ्यांना एकदम ब्रॉडकास्टने पाठवला तर चालेल ना?

दोन अडचणी आहेत. व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. बरेच दिवस न आलेल्या बायकांपैकी किती जणींनी तो ठेवला असेल, सांगता येत नाही. तुम्हाला वाटतं पाठवला, तिकडे काही पोचतच नाही. दुसरं म्हणजे ब्रॉडकास्टमध्ये नाव, हाक, तिची शेड यांतलं काहीच घालता येत नाही, मग उरते ती जाहिरात.

यादी चाळीस-पन्नास नावांची असेल तर रोज सात-आठ जणींना एकेक करून लिहा. सकाळी अकरा ते बारा किंवा दुपारी तीन-चारची वेळ बरी. रात्री नऊनंतर नको. आणि एवढंच बघा, की ज्या दिवशी पाठवाल त्या दिवशी उत्तर द्यायला कुणीतरी मोकळं आहे. "बुधवारी जमेल" असं तिने लिहिलं आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत पाहिलंच नाही, तर सगळं मुसळ केरात.

एकगठ्ठा जाहिरातीचे एसएमएस पाठवायचे झाले तर त्यासाठी टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी यंत्रणेत नोंदणी करून मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो. लहान पार्लरने त्या भानगडीत पडू नये असं मला वाटतं.

उत्तर आलं नाही तर पुन्हा किती वेळा लिहायचं?

त्याच कारणासाठी पुन्हा नाही. "माझा मेसेज पाहिलात का?" हे तर कधीच नाही, निळ्या खुणा दिसत असल्या तरी. दोन-तीन महिन्यांनी खरंच दुसरी बातमी असेल, म्हणजे जूनला सकाळची वेळ आणि मग नवरात्र, तर एकदा लिहा. तेव्हाही उत्तर नाही आलं तर थांबा. नाव वहीत राहू द्या. ती कधीतरी लग्नाच्या निमित्ताने आपणहून येईल तेव्हा तिची शेड हाताशी असेल.

मेसेजचा उपयोग झाला की त्या तशाही येणारच होत्या, हे कसं कळणार?

फार चांगला प्रश्न आणि फार कमी जणी विचारतात. काही ग्राहक मेसेज न पाठवताही परत येतात, सुट्टी संपते, बाळ मोठं होतं. म्हणून यादीतली नावं एकाआड एक घ्या. समजा चाळीस आहेत, तर वीस जणींना पाठवा, वीस तशाच ठेवा. सहा आठवड्यांनी वहीत बघा. मेसेज गेलेल्या वीसपैकी सहा आल्या आणि न गेलेल्या वीसपैकी दोन, तर चार जणी मेसेजमुळे आल्या असं मानायला जागा आहे. दोन्हीकडे तीन-तीन असतील तर बातमीत दम नव्हता. एवढ्या लहान आकड्यांत एक-दोनचा फरक नशिबाचाही असतो, त्यामुळे त्यावरून मोठा निष्कर्ष काढू नका. "नको" म्हणणाऱ्यांची संख्याही मोजा. वीसमधून तीन-चार जणींनी "नको" लिहिलं, तर मेसेजचा सूर तपासा.

ती आली. आता?

मेसेजमध्ये सांभाळलेलं सगळं दारात सांडू नये. "अय्या, किती दिवसांनी!" हे उत्साहाने म्हटलं तरी जाबच आहे. आणि केस मोकळे करताच "हे कुणी कापलेत?" किंवा "घरी कलर लावलात ना?" असं मुलींच्या तोंडून निघतंच. त्यांना आधी बसवून सांगावं लागतं.

पण मध्ये काय लावलं ते कळायला तर हवंच, कारण घरच्या कलरचे किंवा मेंदीचे थर असले की मुळांचा रंग आणि खालचा रंग जुळत नाही, आणि काही काळ्या मेंदीत धातूचे क्षार असतात, त्यांच्यावर डेव्हलपर लागला की केस गरम होऊन तुटू शकतात. म्हणून प्रश्न असा विचारा: "गेल्या काही महिन्यांत केसांना काय काय लावलंय? मेंदी, घरचा कलर, काहीही असो, त्यावरून मिश्रण ठरवते." शंका वाटली तर मानेजवळच्या एका बारीक बटेवर आधी करून बघा. ठरवलेली आठची वेळ मात्र आठलाच सुरू झाली पाहिजे. पहिल्याच दिवशी बाई वीस मिनिटं बाकावर बसली, तर मेसेज खोटा ठरला.

तिने "नको" लिहिलं तर काय उत्तर द्यायचं?

"बरं ताई, नाव काढलं." एवढंच. कारण विचारू नका, "काही चुकलं का" विचारू नका. फोनमध्ये तिच्या नावाला "मेसेज नको" असं लेबल लावा आणि वहीतही तारखेसकट तीच नोंद करा, नाहीतर दिवाळीच्या गर्दीत मदतीला आलेली मुलगी फोनमधली यादी उघडून पुन्हा तिलाच पाठवेल.